आपले काम पूर्ववत सुरू राहील

माझ्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी माझा भाऊ परदेशी गेला. तो गेला हे मला पोस्टमनने कळवलं.

मुलगी माझ्याकडेच होती. एक पोर मांडीवर, दुसरं पाळण्यात, आणि दारात पोस्टमन सही मागत उभा. मी ओला हात पदराला पुसून सही केली. पाकिटावर माझं पूर्ण नाव छापलेलं होतं. मला वाटलं कोर्टाचं काही असेल, म्हणून उभ्यानेच फोडलं.

आत एक छापील पत्र होतं.

"माननीय अशील, कळविण्यास आनंद होतो की कौटुंबिक व व्यावसायिक कारणांमुळे मी परदेशी स्थायिक होत आहे. हे पत्र आपल्या हाती पडेल तेव्हा मी तेथे पोचलेलो असेन. यापुढे माझे मेहुणे, जे स्वतः अनुभवी वकील आहेत, माझ्या मार्गदर्शनाखाली आपले काम पाहतील. आपली कागदपत्रे ऑफिसात सुरक्षित आहेत. आपणास काहीही करण्याची आवश्यकता नाही. आपले काम पूर्ववत सुरू राहील."

खाली माझ्या भावाची सही. तीही हाताने केलेली नव्हती, शिक्क्याची होती.

मी ते पुन्हा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, पण एकदा वाचलेलं विसरत नाही.

आई गेली तेव्हा हा भाऊ माझ्या कडेवर होता. लग्न होऊन सासरी आले तेव्हा त्याला बरोबर घेऊन आले, आणि त्यासाठी सासूचे टोमणे कायम ऐकले. तो वकील झाला तेव्हा त्याचा काळा कोट मी माझ्या हाताने इस्त्री केला होता. आदल्याच आठवड्यात तो जुळ्यांना बघायला आला होता. जेवला, दोघींना आळीपाळीने मांडीवर घेतलं, कोणाचं नाक कोणावर गेलंय ते सांगितलं. दाराशी चप्पल घालताना म्हणाला, "ताई, येतो." बस. आणि आता मी माननीय अशील.

मी त्याची अशील होते हे मात्र खरं. नवरा गेल्यावर माझ्या दिराने आमच्या दोन खोल्यांवर हक्क सांगितला होता. म्हणे, माझ्या नवऱ्याने जिवंतपणीच त्या त्याला दिल्या होत्या. मी ज्या घरात म्हातारी झाले, त्यातून मला बाहेर काढायचा दावा कोर्टात पडून होता. वकील माझा भाऊच. दर तारखेला तो पुढची तारीख मागून घ्यायचा. विचारलं की म्हणायचा, "घरचीच केस आहे ताई. ती कुठे पळून जातेय? आधी बाहेरच्या लोकांचं उरकू दे." बाहेरच्या लोकांचं उरकता उरकता माझे केस पांढरे झाले.

मी त्याला फोन लावला. त्याने चक्क उचलला.

"बाळ, कुठे आहेस?"

तो म्हणाला, "पत्र मिळालं का तुला? अगं, ते तुला जायला नको होतं. कारकुनाला म्हटलं होतं, सगळ्या अशिलांना पाठव. तुझं नाव यादीतून काढायला सांगायचंच राहिलं."

"म्हणजे सगळ्यांना कळवायचं होतं, फक्त मला नाही?"

"तसं नाही गं. इथे स्थिरस्थावर झालो की फोन करणारच होतो. तिथे सांगितलं असतं तर तू रडून गोंधळ घातला असतास. मुलाने इतकं बोलावलंय, इथल्या कंपनीने सल्लागार म्हणून घेतलंय—"

"मी आता रडतेय का?"

"नाही."

"मग माझ्या तारखेचं सांग. महिनाअखेरीला आहे. या वेळी साक्ष आहे माझी."

"मेहुणा बघेल ना."

"त्याला कोर्टाचं दार कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का?"

"ताई," तो वकिली आवाजात म्हणाला, "तू यात डोकं घालू नकोस. तो सांगेल तिथे सही कर. आणि हे बघ, इथे नाहीच जमलं तर मी दोन-तीन वर्षांत परत येईन. तेवढ्यासाठीच घरचा माणूस बसवलाय. बाहेरचा बसला की खुर्ची गेली. समजतंय ना?"

समजलं. फार चांगलं समजलं. त्याने माझ्या घराची केस एका नवख्याच्या हाती दिली होती, का, तर स्वतःची खुर्ची ऊबदार राहावी. मी फोन ठेवला. मुलीने विचारलं, "काय म्हणाला मामा?" मी म्हटलं, "काही नाही. काम पूर्ववत सुरू राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले.

ऑफिस कोर्टासमोरच्या इमारतीत, जिना चढून डाव्या हाताला. बाहेरच्या खोलीत अशिलांसाठी लांब बाक, आत भावाची काचेची केबिन, आणि दोन्हींच्या मधोमध कारकुनाचं टेबल. त्या कारकुनाला सगळे शिक्के म्हणत, कारण त्याच्या टेबलावर शिक्क्यांची मांडणी असायची आणि बोलताना तो कुठला ना कुठला शिक्का हातात खेळवायचा. भावाने ऑफिस उघडलं तेव्हापासूनचा माणूस. नियमाबाहेर तो पाणीसुद्धा प्यायचा नाही.

बाक भरलेला होता. सगळ्यांच्या हातात तेच पत्र. पोल्ट्रीवाला होता, शाळेतल्या निवृत्त बाई होत्या, एक जोडपं होतं ज्यांची जमीन रस्त्यात गेली होती. केबिन रिकामी होती.

"नवे साहेब?" मी विचारलं.

"अकराला येतात," शिक्के म्हणाला. "म्हणजे येतील असं म्हणाले होते."

"तुम्हाला कधी कळलं साहेब चालले ते?"

शिक्क्याने हातातला शिक्का खाली ठेवला. "ज्या दिवशी विमान होतं त्या दिवशी, ताई. सकाळी मला बोलावलं, पत्राचा मसुदा दिला, म्हणाले मी गेल्यावर टाक. मी म्हटलं, साहेब, ही पद्धत नाही. अशिलाला आधी कळवायचं असतं. त्याची पुढची तारीख कळवायची, कागद कुठे आहेत ते कळवायचं, आणि पुढे कुणाकडे काम द्यायचं ते त्याला विचारायचं. तर म्हणाले, शिक्के, तू शिक्के मार."

"विचारायचं असतं?"

"मग काय! वकीलपत्र माणसाचं असतं, ऑफिसचं नाही. तुम्ही तुमच्या भावाला वकीलपत्र दिलंत. मेहुण्यांना नाही दिलंत. त्यांना उभं राहायचं तर तुम्ही त्यांच्या नावाने नवं वकीलपत्र सही करायला हवं, आणि त्यावर जुन्या वकिलाने हरकत नाही असं लिहून द्यायला हवं. नाही पटलं, तर तुम्ही फाईल उचला आणि हव्या त्या वकिलाकडे जा. हरकत नसल्याची सही तिथेही लागते, पण फाईल कुणाला अडवता येत नाही."

"पण पत्रात तर म्हटलंय, काही करायची गरज नाही."

"पत्रात पुष्कळ म्हटलंय," शिक्के म्हणाला, आणि शिक्का पुन्हा उचलला.

बाकावरची कुजबुज थांबली होती. सगळे ऐकत होते.

तेवढ्यात मेहुणे आले. भावजयीचा धाकटा भाऊ. गोरेगोमटे, अत्तर मारलेले, आल्या आल्या सगळ्यांना हात जोडणारे. आयुष्यभर त्यांनी एका कंपनीत करारांचे कागद तपासले होते. नोकरीत असताना वकिलाची सनद स्थगित ठेवावी लागते, तशी त्यांचीही होती.

"ताई! तुम्ही कशाला जिना चढलात? मी घरी आलो असतो सहीला."

"माझी साक्ष आहे या महिन्यात."

"हो हो, बघू ना. वेळ मागून घेऊ."

"म्हणजे पुन्हा पुढची तारीख?"

"त्याचं काय आहे ताई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "माझी सनद पुन्हा सुरू व्हायला अर्ज टाकलाय. तो मंजूर होऊन येईपर्यंत मला कोर्टात उभं राहता येत नाही. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भावोजींनी सगळी व्यवस्था करून ठेवलीय. हरकत नसल्याच्या सह्यासुद्धा आधीच करून ठेवल्यात प्रत्येक वकीलपत्रावर. सनद आली की माझं नाव आणि क्रमांक टाकायचा, की झालं."

"म्हणजे आता तिथे कुणाचंच नाव नाही?"

"नाही. कोरं आहे. क्रमांकाशिवाय नाव घालून काय उपयोग?"

ते केबिनमध्ये गेले आणि भावाच्या खुर्चीत बसून तिची उंची वरखाली करू लागले.

मी शिक्क्याकडे बघितलं. शिक्के माझ्याकडेच बघत होता. त्याच्या टेबलाच्या खणात ते सगळे कागद होते. प्रत्येकावर वरती दाव्याचा क्रमांक, खाली माझ्या भावाची सही, या वेळी खरी, निळ्या शाईची, आणि मध्ये नव्या वकिलाच्या नावाची जागा मोकळी. माझा भाऊ कोर्टात समोरच्याच्या कागदातली एवढीशी फट शोधून माणसाला उताणा पाडायचा. जायच्या घाईत त्याने स्वतःच्या घराला दारच ठेवलं नाही.

"शिक्के," मी म्हटलं, "माझी फाईल द्या. आणि माझ्या नावचा तो कागद."

"लेखी मागा. दोन ओळी पुरेत," तो म्हणाला. "आणि मूळ कागद मिळाल्याची पोच द्यावी लागेल."

मी लिहून दिलं. त्याने फाईल काढली, आतला एकेक कागद मला दाखवला, पोच घेतली, आणि तो वकीलपत्राचा कागद वर ठेवला. आतून मेहुणे म्हणाले, "काय चाललंय?" शिक्के म्हणाला, "अशील फाईल मागतंय साहेब. द्यावीच लागते."

"अहो, ताई आहेत त्या!"

"मी माननीय अशील आहे," मी म्हटलं. "पत्र आहे माझ्याकडे."

बाकावर पोल्ट्रीवाला फस्सकन हसला.

जिन्याच्या उजव्या हाताला, भावाच्या ऑफिससमोरच, एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. एवढीशी खोली, पंखा कुरकुरणारा. माझा भाऊ तिला पाण्यात पाहायचा. एकाच वर्षी दोघांनी वकिली सुरू केली होती, आणि बाईने त्याला दोनदा भर कोर्टात गप्प केलं होतं. घरी आला की तो तिची नक्कल करून दाखवायचा, चष्मा नाकावर घेऊन. मीही हसायचे. त्या दिवशी मी तिचंच दार ठोठावलं.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्यांच्या बहीण ना?"

"होते. आता अशील आहे."

तिने फाईल उघडली आणि निवांत वाचत बसली. मध्ये एकदा म्हणाली, "ही केस इतकी वर्षं का थांबलीय?"

"घरची होती म्हणून."

वाचून झाल्यावर म्हणाली, "मी घेते. साक्ष याच तारखेला होईल. वेळ मागायची नाही." मग मोकळ्या जागेत तिने स्वतःचं नाव आणि सनदेचा क्रमांक लिहिला, माझी सही घेतली. भावाची निळी सही आणि तिचं नाव एका कागदावर बघून माझ्या जिवाला असा गारवा वाटला की काय सांगू.

"समोर अजून पुष्कळ लोक बसलेत," मी म्हटलं. "घेऊन येऊ?"

तिचा चेहरा एकदम कडक झाला. "नाही. मी कुणाला बोलावत नाही. वकिलाने अशील ओढायचे नसतात. माझं नावही तिथे घेऊ नका. आपल्या पायाने कोणी आलं तर परत पाठवणार नाही, एवढंच."

"बरं. नाव नाही घेत."

नाव न घेताही काम होतं. मी दुसऱ्या दिवसापासून भावाच्या ऑफिसातल्या बाकावर जाऊन बसू लागले. मुलगी म्हणायची, "आई, जुळ्यांची आंघोळ टाकून कुठे निघालीस?" मी म्हणायचे, "मामाचं काम सुरू ठेवायला."

येणाऱ्याला मी फक्त विचारायचे, "पत्र आलं? काही करायची गरज नाही म्हणून लिहिलंय ना? मग शिक्क्यांना विचारा, तुमच्या पुढच्या तारखेला उभं कोण राहणार." शिक्के विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचा नाही, आणि विचारल्यावर एक अक्षर लपवायचा नाही. तो तारीख सांगायचा, सनदेचं सांगायचा, वकीलपत्राचं सांगायचा. त्याच्याच शब्दांत त्यांना कळायचं, की इथेच थांबा, किंवा फाईल घेऊन हव्या त्या वकिलाकडे जा, पण तारखेच्या आत काय ते करा.

"तुम्ही कुणाकडे दिली ताई?" लोक विचारायचे.

"ते मला सांगायचं नाही," मी म्हणायचे, आणि समोरच्या दाराकडे बघत बसायचे.

मेहुणे बाहेर येऊन माझ्यावर डाफरले. "तुम्ही इथे बसून लोकांना भडकवताय!"

"मी बसलेय फक्त. बाक अशिलांसाठीच आहे ना?"

"तुमची फाईल तर गेली!"

"मूळ कागदातला एक राहिलाय असं वाटतंय. शिक्के शोधतायत."

शिक्के खाली बघून खण उघडझाक करायला लागला. त्याच्या नियमाच्या आयुष्यात तेवढी एकच लबाडी मी पाहिली.

शाळेतल्या बाई गेल्या. जमिनीवालं जोडपं गेलं. मग एका सोसायटीचे लोक घोळक्याने आले आणि घोळक्याने समोर गेले. काही जण वकीलबाईंकडे न जाता दुसऱ्याच इमारतीत गेले, मला त्याचंही वाईट वाटलं नाही. माझ्या भावाकडून गेले म्हणजे झालं. पोल्ट्रीवाल्याने मात्र घात केला. फाईल घेऊन गेला आणि घरी कपाटात ठेवून बसला. तारीख गेली, कोणी उभं राहिलं नाही, त्याचा दावा निकाली निघाला. शिक्के माझ्यावर ओरडला, "ताई, तुम्ही अर्धंच सांगितलंत त्याला!" मग वकीलबाईंनी अर्ज करून तो दावा पुन्हा उभा केला. मी पोल्ट्रीवाल्याची माफी मागितली. भावाची नाही मागितली.

मेहुण्यांची सनद आली तेव्हा खणातले बहुतेक कागद संपले होते. त्यांनी आणखी काही महिने खुर्ची वरखाली केली आणि परत एका कंपनीत लागले. शिक्के समोर वकीलबाईंकडे कामाला लागला. जाताना टेबलावरचे शिक्के तेवढे नेले.

माझी साक्ष झाली. दिराच्या वकिलाने मला विचारलं, "तुमच्या नवऱ्याने खोल्या दिल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं, "त्याच खोल्यांत. मी कधी बाहेर गेलेच नाही." पुढच्या वर्षी निकाल लागला. खोल्या माझ्या राहिल्या. दीर अपिलात गेला, तिथेही हरला.

पहिल्या निकालाच्या दिवशीच संध्याकाळी भावाचा फोन आला होता. मधल्या काळात त्याने केला नव्हता, मीही नाही.

"ताई, जिंकलीस म्हणे."

"हो."

"कुणाच्या जिवावर, तेही कळलं. इतक्या माणसांत तुला तीच मिळाली?"

"समोरच होती. जिना चढायला नको."

"तू माझं ऑफिस रिकामं केलंस ताई. मी उभं केलेलं. तुला लाज नाही वाटली?"

"तू कळवलंस तेव्हा तुला वाटली का?"

"एक पत्र चुकून गेलं म्हणून एवढं?"

"पत्र बरोबर गेलं बाळ. माझं नाव यादीत होतंच. न सांगता गेलास तो तू."

तो अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "इथे नाही गं जमत. कंपनीने काम कमी केलंय. सून नीट बोलत नाही. मी परत यायचं म्हणत होतो. पण येऊन आता करू काय? बसू कुठे?"

लहानपणी पडला की याच आवाजात मला हाक मारायचा. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की ये, दोन खोल्या आहेत, एक तुझी. पण घशाखाली लोटलं.

"आपणास काहीही करण्याची आवश्यकता नाही," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तो मुलीला फोन करायचा, जुळ्यांची विचारपूस करायचा. मुलगी फोन माझ्यापुढे धरायची आणि मी हातातलं काम दाखवायचे. भावाच्या जुन्या ऑफिसात आता चष्म्यांचं दुकान आहे. वकीलबाईंनी शेजारची खोली घेतली आणि पंखा बदलला. अशिलांना बसायला तिथे एक लांब बाक आहे, तो आमचाच.

जुळ्या शाळेत जायला लागल्या त्या वर्षी, पहिल्या सहामाहीच्या परीक्षेच्या वेळी, सकाळी भावजयीचा फोन आला. या वेळी सगळ्यांच्या आधी मला कळवलं. माझा भाऊ आदल्या रात्री परदेशी, मुलाच्या घरी, झोपेत वारला.